दूध फाटलं नाही, तरी फेस का बसतो?

मे महिन्यातली सकाळ होती. धरमपेठेतल्या आमच्या छोट्या कॉफी काउंटरवर नवीन लागलेला मुलगा सलग तिसरा पिचर सिंकमध्ये ओतत होता. पिचरमध्ये फेस छान चढायचा. कपात ओतेपर्यंत त्यात मोठे बुडबुडे दिसू लागायचे आणि कप गिऱ्हाइकापुढे जाईपर्यंत वर नुसतं पांढरट पाणी राहायचं. त्यानं दूध चमच्यात उकळून पाहिलं होतं, वास घेतला होता, तारीख वाचली होती. शेवटी तो मला म्हणाला, "ताई, दूध तं फाटलं नाही, मंग फेस काऊन बसून रायला?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. वाफेवर दूध फेसाळायला शिकणारे बहुतेक जण पहिल्या महिन्यात इथेच अडतात. मशीन वाईट, नळी वाईट, नाहीतर आपला हात वाईट, असं त्यांना वाटत राहतं. पुष्कळदा दोष दुधात असतो, आणि आपल्याला घरात माहीत असलेल्या कसोट्यांवर तो दिसत नाही. त्या मुलाच्या दुधात काय झालं होतं ते पुढे सांगते. आधी दुधाची निवड कशी करायची आणि वाफ कशी द्यायची ते पाहू, म्हणजे त्याचं उत्तर नीट समजेल.

पाकीट वाचताना

फेस उभा राहतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे. वाफेच्या नळीतून हवा आत ओढली गेली की प्रत्येक बुडबुड्याभोवती प्रथिनांचा पातळ पडदा तयार होतो. दूध तापलं की पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं त्यातली प्रथिनं उलगडतात आणि तो पडदा घट्ट होतो. फॅटचं काम वेगळं आहे. जिभेवर दूध जड, गुळगुळीत आणि गोडसर लागतं ते फॅटमुळे. पण फेसाच्या पडद्यात शिरून तो कमजोर करण्याची ताकदही फॅटमध्येच आहे. म्हणून दूध निवडणं म्हणजे या दोघांचा मेळ घालणं.

नागपुरात डेअरीच्या बूथवर साधारण चार तऱ्हेची पाकिटं मिळतात. डबल टोण्डमध्ये फॅट १.५ टक्के, टोण्डमध्ये ३, स्टॅण्डर्डमध्ये ४.५ आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के. गाईचं दूध म्हणून वेगळं पाकीट असलं तर ते बहुधा ३.२ ते ३.५ च्या आसपास असतं. पाकिटावर फॅटच्या शेजारीच एसएनएफ लिहिलेलं असतं, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते: प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. डबल टोण्डमध्ये एसएनएफ ९ टक्के आणि टोण्डमध्ये ८.५ टक्के असतं. डबल टोण्डचा फेस उंच आणि ताठ येतो त्याचं अर्धं कारण कमी फॅट आहे आणि अर्धं हे.

उंच फेस म्हणजे चांगला फेस नव्हे, हे मात्र पहिल्याच दिवशी मनात पक्कं करा. डबल टोण्डचा फेस साबणाच्या फेसासारखा कोरडा होतो, टोपीसारखा वर तरंगतो आणि कॉफी त्याच्याखालून वेगळी प्यावी लागते. फुल क्रीमचा फेस कमी चढतो, पण तो जड, चकचकीत असतो आणि कॉफीत मिसळतो. माझा सल्ला असा: शिकताना पहिले पंधरा दिवस ३ ते ३.५ टक्क्यांच्या दुधावरच हात बसवा. या दुधात चूक लगेच दिसते आणि बरोबर जमलं तर तेही लगेच कळतं. हात बसला की अर्धं टोण्ड आणि अर्धं फुल क्रीम मिसळा, म्हणजे ४.५ टक्के होतं. एक भाग फुल क्रीम आणि दोन भाग टोण्ड घेतलं तर ४ टक्के. आमच्या काउंटरवर कॅपुचिनोसाठी हेच ४ टक्क्यांचं मिश्रण चालतं. आपल्याकडे लहानपणापासून म्हशीच्या घट्ट दुधाची सवय असते आणि टोण्डची कॉफी बऱ्याच जणांना पाणचट वाटते.

पाकिटावर आणखी एक शब्द शोधा: होमोजिनाइज्ड. अशा दुधात फॅटचे थेंब दाबाखाली बारीक केलेले असतात, त्यामुळे साय वर येऊन बसत नाही. हा शब्द नसलेलं पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की कोपऱ्यात मलईचे गोळे जमतात. ते गोळे पिचरमध्ये गेले की त्यांच्या भोवतीचा फेस जागच्या जागी फुटतो. असंच पाकीट मिळालं तर कापण्याआधी ते दोन्ही हातांनी हळूहळू चोळून मलई एकजीव करा. मिक्सरमधून फिरवू नका, लोणी सुटायला लागतं.

दूध थंडच का लागतं

फॅट फेसाला किती त्रास देतं, हे त्याच्या तापमानावर अवलंबून आहे. फ्रीजमधल्या ४-५ अंशांवर दुधातलं बहुतेक फॅट घट्ट असतं आणि आपल्या जागी राहतं. ४० अंशांच्या वर ते पूर्ण वितळलेलं असतं आणि थेंब मऊ असतात. त्रास होतो तो मधल्या टप्प्यात, साधारण २० ते ३५ अंशांत. इथे थेंबाचा काही भाग घट्ट, काही पातळ असतो. घट्ट भागाचे बारीक काटे थेंबाच्या बाहेर येतात, बुडबुड्याच्या पडद्याला टोचतात, आणि त्या फटीतून पातळ फॅट पडद्यावर पसरून तो तोडतं.

आता नागपूरचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. सकाळी सातला ओट्यावर ठेवलेलं दूध काही तासांत ३० अंशांच्या पुढे जातं. म्हणजे ते नेमकं त्या वाईट टप्प्यात बसलेलं असतं. त्यात ३० वरून ६० वर पोचायला वेळही कमी लागतो, त्यामुळे हवा ओढून ती बारीक करायला जेवढे सेकंद हवेत तेवढे मिळतच नाहीत. दूध फ्रीजमधून थेट पिचरमध्ये आलं पाहिजे, आणि हवा ओढायचं काम पहिल्या काही सेकंदांत, दूध थंड असतानाच उरकलं पाहिजे. आम्ही एप्रिलपासून पिचरही फ्रीजमध्ये ठेवतो.

घाईनं थंड करण्यासाठी पाकीट फ्रीजरमध्ये टाकायची सवय मात्र सोडा. उन्हाळ्यात ही चूक घरोघरी होते. गोठताना बर्फाचे कण फॅटच्या थेंबांची वेष्टनं फाडतात. वितळल्यावर दूध दिसायला तेच असतं, चहाला चालतं, पण फॅट मोकळं झालेलं असतं आणि फेस धरत नाही. पाकिटाच्या कडेला एकदा बर्फ जमला की ते पाकीट वाफेसाठी बाद समजा. दूध फ्रीजच्या दारातही नको. दार सारखं उघडतं आणि तो कप्पा सगळ्यात गरम असतो. मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीजवळ ठेवा, पण भिंतीला टेकवू नका.

वाफ देताना

साडेतीनशे मिलीचा पिचर घ्या आणि त्यात २०० मिली थंड दूध ओता. वाफेची नळी आधी कपड्यावर दोन सेकंद उघडा. नळीत साठलेलं पाणी बाहेर जाऊ द्या, ते दुधात गेलं की दूध पातळ होतं.

नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, मध्यभागापासून थोडं बाजूला ठेवून वाफ पूर्ण उघडा. कागद हळूहळू फाडल्यासारखा आवाज यायला हवा. किंचाळल्यासारखा आवाज आला तर टोक फार खोल आहे, आणि गडगड करत मोठे बुडबुडे उसळले तर फार वर. काउंटरच्या मोठ्या मशीनवर हा फाटण्याचा आवाज ३ ते ५ सेकंद पुरतो, घरच्या लहान मशीनवर १० ते १५ सेकंद लागतात. लाते कॉफीसाठी दूध पाव पट वाढलं की थांबा, कॅपुचिनोसाठी तिसऱ्या हिश्श्याएवढं वाढू द्या.

मग पिचर अर्धा सेंटीमीटर वर उचला, म्हणजे टोक आत जाईल आणि आवाज बंद होईल. आता दूध भोवऱ्यासारखं फिरत राहिलं पाहिजे. हवा आत घ्यायचं काम संपलं, आता मोठे बुडबुडे बारीक करायचे आहेत. पिचरच्या बुडाला तळहात लावून ठेवा. हात ना गार ना गरम वाटला तो क्षण ३७ अंशांच्या जवळचा, तोवर हवा घेऊन झालेली असावी. पुढे बूड हाताला सोसेनासं झालं की ५५ च्या आसपास आहात, तिथून दोन-तीन सेकंदांत वाफ बंद करा. थर्मामीटर असेल तर ५८ ला बंद करा. काटा दुधाच्या मागे चालतो आणि दूध आपोआप ६० च्या वर जाऊन थांबतं.

नळी ओल्या फडक्यानं लगेच पुसा आणि एकदा वाफ सोडा. नाहीतर आत ओढलं गेलेलं दूध तिथेच वाळतं आणि दुपारच्या दुधाला त्याचा वास लागतो. पिचर ओट्यावर एकदा आपटा आणि गोल फिरवत राहा. वरचा थर ओल्या ऑइलपेंटसारखा चमकला पाहिजे. चमक नसेल आणि जाळी दिसत असेल तर एक तर हवा उशिरा घेतली, नाहीतर दूध त्या लायकीचं नाही. यातलं कोणतं, ते ठरवायची रीत पुढे दिली आहे.

गोडवा कुठून येतो

नवशिक्यांना सर्रास सांगितलं जातं की वाफेनं दुधातली साखर फुटते किंवा जास्त विरघळते, म्हणून दूध गोड होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. दुधातली साखर, लॅक्टोज, १०० मिलीत साधारण ४.७ ते ५ ग्रॅम असते. एवढी साखर फ्रीजमधल्या थंड दुधातही पूर्ण विरघळलेलीच असते. आणि ६० अंशांवर अर्ध्या मिनिटात ती फुटत नाही. बदलते ती आपली जीभ. थंडाव्यात गोडी मंद कळते, कोमट आणि गरम दुधात ती स्पष्ट कळते. लॅक्टोजची गोडी आपल्या साखरेच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असल्यामुळे हा फरक फार जाणवतो.

एकदा स्वतः करून पाहा. एकाच पाकिटातलं दूध चार वाट्यांत घ्या: एक फ्रीजमधलं, एक ४० अंशांचं, एक ६० चं आणि एक ७५ चं. साखर न घालता एकेक घोट घ्या. पहिली वाटी सपक लागेल, तिसरी सगळ्यात गोड. चौथीत गोडी मागे पडते आणि वर शिजल्याचा वास येतो, उतू गेलेल्या दुधाच्या भांड्यासारखा. ७० च्या पुढे उलगडलेल्या प्रथिनांतून गंधकाची संयुगं सुटू लागतात, तो हा वास. जीभ भाजते ती वेगळीच. "कडक गरम द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर कप आधी गरम पाण्यानं तापवा, दूध ६५ च्या पुढे नेऊ नका.

फॅट गोडी वाढवत नाही, पण गोड वाटायला मदत करतं. जिभेवर त्याचा थर बसतो, कॉफीची कडू धार बोथट होते आणि जी थोडी गोडी आहे ती मोकळेपणानं जाणवते. म्हणून तीच कॉफी ४ टक्क्यांच्या दुधात बिनसाखरेची पिता येते आणि १.५ टक्क्यांच्या दुधात कडवट लागते.

वाफ म्हणजे पाणी, हेही इथे लक्षात असू द्या. २०० मिली दूध ५ अंशांवरून ६० ला न्यायचं तर जवळजवळ १८ ग्रॅम वाफ दुधात विरून पाणी होते. म्हणजे ९ टक्के पाणी आपणच घालतो. तेवढं चालतं. नळी आधी न सोडता आत साठलेलं पाणीही घातलंत, किंवा उरलेलं दूध पुन्हा थंड करून पुन्हा वाफवलंत, तर गोडी उघडपणे कमी होते. दुसऱ्यांदा वाफवलेल्या दुधाचा फेसही धरत नाही, कारण पडदा करणारी प्रथिनं पहिल्या वेळीच उलगडून एकमेकांना चिकटलेली असतात.

आंबट वेगळं, खवट वेगळं

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग.

दूध दोन वाटांनी जुनं होतं. पहिली वाट आपल्याला माहीत आहे: जिवाणू लॅक्टोज खाऊन आम्ल तयार करतात, दूध आंबतं आणि उकळताना फाटतं. गंमत अशी की दूध आंबू लागतं तेव्हा साखर फारशी कमी झालेली नसते. १०० मिलीमागे ०.०५ ग्रॅम आम्ल वाढलं तर जवळपास ५ ग्रॅममधली तेवढीच साखर गेलेली असते. तरी दूध कमी गोड लागतं, कारण थोडासा आंबटपणा गोडीवर पांघरूण घालतो. म्हणजे गोडी उतरली तर ती पहिली सूचना समजा, वास येण्याच्या आधीची.

दुसरी वाट फॅटची. खोबरं किंवा शेंगदाणे जुने झाले की आपण खवट झाले म्हणतो, तसंच दुधातलं फॅटही खवट होतं. दुधात लायपेज नावाचा विकर असतो, तो फॅट तोडून मोकळी आम्लं वेगळी करतो. ही आम्लं साबणाच्या जातीची असतात. ती बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांपेक्षा चपळाईनं जाऊन बसतात, प्रथिनांना बाजूला सारतात, आणि त्यांचा स्वतःचा पडदा फार दुबळा असतो. फेस चढतो आणि लगेच बसतो, तो यामुळे. हा बिघाड वास किंवा चव उघड होण्याच्या आधीपासून फेसात दिसतो. आणि दूध फाटण्याशी याचा काही संबंध नसतो, म्हणून चमच्यात उकळून बघण्याची कसोटी असं दूध खुशाल पास करते.

आदल्या संध्याकाळी आमच्या काउंटरवर दूध कमी पडलं होतं. मुलानं जवळच्या गोठ्यातून एक लिटर म्हशीचं धारोष्ण दूध आणलं आणि फ्रीजमधल्या पातेल्यात, होमोजिनाइज्ड पाकिटाच्या दुधात, तसंच ओतून ठेवलं. त्याचा हेतू चांगला होता. म्हशीचं दूध घट्ट, ताजं, काढून तास झालेलं. पण कच्च्या दुधातला लायपेज जिवंत असतो. पाकिटाचं दूध डेअरीत पाश्चराइज होताना, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद तापताना, त्याच्यातला मूळचा लायपेज निकामी झालेला असतो. आणि होमोजिनाइज करताना फॅटचे थेंब बारीक होतात, त्यांचं मूळचं वेष्टन उरत नाही. म्हणजे एका भांड्यात एकीकडे जिवंत विकर आणि दुसरीकडे उघडं पडलेलं फॅट अशी गाठ पडली. फ्रीजमध्येही हे काम थांबत नाही, रात्रभरात पुरेसं होतं. दोन्ही दुधं आपापल्या जागी उत्तम होती, मिसळली तिथे बिघडली.

आम्ही ते शोधून काढलं ते असं. तीन एकसारखे सरळ काचेचे ग्लास घेतले. पहिल्यासाठी न फोडलेल्या पाकिटातलं टोण्ड, दुसऱ्यासाठी पातेल्यातलं मिश्रण, आणि तिसऱ्यासाठी त्याच गोठ्यातलं दूध, जे वेगळ्या भांड्यात उकळून साय काढून थंड केलं होतं. तिन्ही ५ अंशांवर, तिन्ही २०० मिली, हात एकाचाच. वाफवून लगेच ग्लासात ओतलं आणि फेस जिथे संपतो तिथे मार्करनं रेघ मारली. पाच मिनिटांनी पुन्हा रेघ मारली.

पहिल्या ग्लासात फेस दोन बोटं होता आणि पाच मिनिटांनी दीड बोट राहिला, वरचा थर अजून एकसंध. दुसऱ्यात सुरुवातीला जवळजवळ तेवढाच चढला होता, पण मिनिटाभरात ग्लासाला कान लावला तर सोडा ओतल्यासारखी चुरचुर ऐकू येत होती, आणि पाच मिनिटांनी कडेला बुडबुड्यांची एक माळ उरली. तिसऱ्यात फेस कमी, एक बोट, पण तो टिकून राहिला. उकळलेल्या दुधाला फेस कमी येतो हे ठीकच, पण तो बसला नाही, म्हणजे गोठ्यातल्या दुधात खोट नव्हती. मग मी मुलाला दुसऱ्या ग्लासातलं दूध कोमट असताना घोटभर चाखायला दिलं आणि गिळल्यावर दहा सेकंद थांबायला सांगितलं. "मागून कडू लागते ताई, साबणावानी." हीच खवटपणाची खूण. आंबट चव जिभेच्या पुढे आणि लगेच येते. खवट चव घशाजवळ आणि उशिरा येते.

तेव्हापासून आमचा नियम आहे: कच्चं दूध आणि पाकिटाचं दूध एका भांड्यात जात नाही. गवळ्याकडून दूध घ्यायचंच असेल तर ते आल्याबरोबर उकळा, थंड करा, साय काढा आणि एकटंच वापरा. आल्याबरोबर, हे महत्त्वाचं. कॅनमध्ये मोटारसायकलवर हिंदकळत आलेल्या दुधातल्या थेंबांची वेष्टनं आधीच दुखावलेली असतात आणि जितका वेळ ते कच्चं राहील तितका लायपेज चालू राहतो.

पाकिटाचं दूधही मुदतीच्या शेवटाला खवटपणाकडे झुकतं, ते वेगळ्या कारणानं. डेअरीत पोचण्याआधी थंड साठवलेल्या कच्च्या दुधात काही जिवाणू थंडीतही वाढतात. पाश्चरायझेशनमध्ये ते मरतात, पण त्यांनी सोडलेले लायपेज उष्णतेला दाद देत नाहीत. दूध जितकं जुनं तितकं त्यांचं काम पुढे गेलेलं. म्हणून मुदत उरली आहे एवढ्यावर वाफेसाठी दूध निवडू नका, त्यातल्या त्यात आजच्या तारखेचं घ्या. टेट्रापॅकच्या दुधाचा फेस चांगला उभा राहतो, शिजल्याची चव मात्र त्यात आधीपासूनच असते, आणि महिनोन्महिने पडून राहिलेलं पॅक असेल तर त्यातही हाच बिघाड येऊ शकतो.

रोजची कसोटी

दुकान उघडल्यावर पहिला पिचर आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. २०० मिली वाफवून सरळ ग्लासात ओततो, रेघ मारतो आणि पाच मिनिटं इतर कामं करतो. फेस निम्म्याहून जास्त उरला तर दूध पास. निम्म्याच्या खाली गेला तर नवं पाकीट फोडून तेच पुन्हा करतो. नव्या पाकिटावर फेस टिकला तर जुनं दूध बाजूला. दोन्हींवर बसला तर दोष दुधात नसून आपल्याकडे असतो. मग दूध किती थंड होतं ते बघायचं, नळीच्या टोकाची भोकं दुधानं बुजली आहेत का ते बघायचं, आणि पिचर कोणत्या साबणानं धुतला ते विचारायचं. भांड्याच्या साबणाचा पुसट थरही खवट दुधासारखाच वागतो, पडद्यात शिरून फेस मोडतो. आमच्याकडे पिचर गरम पाण्यानं दोनदा विसळतात, ते याच्यासाठी.

बाजूला काढलेल्या दुधाचं काय करायचं ते चवीवर ठरतं. फेस बसला पण गिळल्यावर मागून काही लागलं नाही, तर चहाला किंवा विरजणाला ते चालतं. मागून कडू लागलं तर खीर-पेढ्यात घालू नका. आटवताना पाणी उडतं, खवटपणा तिथेच राहून आणखी दाट होतो.